वीस मिनिटांचं भाषण, सव्वीस वर्षांची नोकरी

गेल्या ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनी, आमच्या शाळेत एका निवृत्त सुभेदारांचं भाषण झालं. सातारा जिल्ह्यातलं मोठं गाव, माध्यमिक शाळा, पटांगणात पाचवी ते बारावीची मुलं. सुभेदारसाहेबांनी सव्वीस वर्षं नोकरी केली, तीही खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलात. विषय ठरलेला होता, ‘सेवा आणि त्याग’. ते वीस मिनिटं बोलले. त्यातली बारा मिनिटं त्यांनी जमिनीत पुरलेला सुरुंग कसा शोधतात ते सांगितलं. मग त्यांच्या तुकडीतल्या एका जवानाचा पाय कसा गेला ते सांगितलं आणि म्हणाले, “त्या दिवशी मी घाबरलो होतो. दुसऱ्या दिवशी तिथंच पुन्हा कामाला बसलो, तेव्हाही घाबरलेलोच होतो.” एवढ्यावरून गावात वाद पेटला. पुढच्या पालकसभेत एका बाजूचं म्हणणं पडलं की सुभेदारांनी पोरांचं अवसान घालवलं. शौर्याच्या गोष्टी सांगायच्या सोडून पाय तुटल्याचं काय सांगत बसले? दुसऱ्या बाजूला काही शिक्षक आणि शिकलेले पालक होते. त्यांना मुळात फौजी माणसाला शाळेत बोलावणंच पसंत नव्हतं. कोवळ्या मुलांसमोर युद्ध आणायचंच कशाला, असा त्यांचा सवाल.

हा कार्यक्रम ठरवणाऱ्यांत मी होते. गावात दोन महिने हा वाद ऐकते आहे आणि दोन्ही बाजू तो चुकीच्या जागी उभ्या राहून घालताहेत असं माझं मत झालं आहे. दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे: सैनिकाचं भाषण म्हणजे मरणाचं भाषण. एकाला ते मरण सजवून हवं आहे, दुसऱ्याला ते मुलांच्या नजरेआड हवं आहे. माझं म्हणणं असं की शाळेतल्या अशा भाषणाचा मोठा भाग सेवेला, म्हणजे रोजच्या कामाला द्यायला हवा, आणि त्यागाबद्दल बोलताना तो कोणी केला, त्याची किंमत कोणी भरली आणि आपण त्यांचं काय देणं लागतो हे सांगायला हवं. त्याग ही मुलांकडे मागायची वस्तू नाही. आमच्या सुभेदारांनी बरोबर हेच केलं, म्हणून ते भाषण मला चांगलं वाटलं.

आधी त्या बारा मिनिटांबद्दल सांगते, कारण वादात त्यांचा कोणी उल्लेखही केला नाही. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि त्यानंतर आपलं सैन्य पश्चिम सीमेवर जाऊन उभं राहिलं. ‘ऑपरेशन पराक्रम’ हे त्याचं नाव. जवळजवळ दहा महिने फौज तिथं होती. युद्ध झालं नाही. पण युद्ध होईल या तयारीने सीमेलगतच्या शेतांत, वाळूत, कालव्यांच्या काठाने सुरुंग पेरले गेले होते, आणि फौज मागे घ्यायची वेळ आली तेव्हा ते काढावे लागले. पेरायला काही आठवडे लागले, काढायला त्याच्या कितीतरी पट वेळ गेला. सुभेदारांनी मुलांना विचारलं, “आपणच पुरलेली वस्तू, आपल्याकडे नकाशा, मग काढायला अवघड का?” नववीतला एक मुलगा म्हणाला, “नकाशा हरवला असेल.” सुभेदार म्हणाले, “नकाशा होता. जमीन हलली.” वाळू वाऱ्याने सरकते, पावसाचं पाणी हलका सुरुंग वाहून नेतं, शेताचा बांध फुटतो. माणसासाठीचा छोटा सुरुंग तळहातावर मावतो. त्यात धातू इतका थोडा की कानाला लावलेलं यंत्र नीट बोलत नाही. मग हाताने शोधायचा. पोटावर झोपायचं, प्रॉडर नावाची लांब टोकदार सळई तिरपी, साधारण तीस अंशांत, हळूच मातीत घालायची. उभी घालायची नाही, कारण सुरुंगाचा दाब घेणारा भाग वर असतो. सळई तिरपी गेली तर त्याच्या कुशीला लागते, माथ्यावर दाबत नाही. काही लागलं नाही की सळई बाहेर काढायची, दोन बोटं बाजूला सरकायचं, पुन्हा घालायची. तपासलेल्या पट्टीच्या दोन्ही कडांना पांढरी फीत लावत पुढे जायचं. शेजारचा माणूस लांब ठेवायचा, म्हणजे एकाचं चुकलं तर दुसरा वाचतो.

आणि हिशेब. ओळीत जेवढे पेरल्याची नोंद, तेवढे हातात आले पाहिजेत. शंभर लिहिलेले आहेत आणि नव्याण्णव निघाले, तर ते शेत मोकळं म्हणून शेतकऱ्याला देता येत नाही. त्या एकासाठी पुन्हा पहिल्या फितीपासून सुरू करायचं. सुभेदारांच्या तुकडीतल्या जवानाचा पाय गेला तो असाच एक हरवलेला शोधताना, तपासलेल्या पट्टीच्या कडेला. शत्रू समोर नव्हता, गोळी सुटली नव्हती, युद्ध जाहीरही झालं नव्हतं. पंजाबातल्या कोणा शेतकऱ्याला त्याचं गव्हाचं रान परत द्यायचं होतं, एवढंच काम होतं. हे सांगून झाल्यावर मागच्या रांगेतली, नेहमी कुजबुजणारी अकरावीची मुलं गप्प होती. ती भ्याली होती असं ज्यांना वाटतं त्यांनी त्यांचे चेहरे पाहिले नाहीत. भाषण संपल्यावर तीच मुलं सुभेदारांभोवती सळई कशी धरायची ते विचारत होती.

आता समोरच्यांचे मुद्दे. त्यांतला सर्वात वजनदार मुद्दा पालकसभेत एका निवृत्त हवालदारांनी मांडला, आणि तो मी मनापासून मान्य करते. ते म्हणाले, “बाई, माणसाला उभं राहायला काहीतरी मोठं लागतं. पहाटे चारला उणे तापमानात पहाऱ्यावर उभा असताना पेन्शनचे नियम आठवत नाहीत. पलटणीचं नाव आठवतं, ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ आठवतं.” हे खरं आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या त्या युद्धघोषाची ताकद बाहेरच्या माणसाने तोलू नये. कोणतीही फौज केवळ कामाच्या यादीवर चालत नाही. नाव, निशाण, आधीच्यांची आठवण यांवर चालते. ज्या मुलाला लहानपणी कोणी शौर्याची गोष्ट सांगितली नाही त्याच्या मनात काहीतरी कमी राहतं, हेही मला पटतं. मग प्रश्न उरतो तो इतकाच की शौर्याची गोष्ट म्हणजे नेमकी कोणती?

त्याच हवालदारांना मी रामा राघोबा राणे यांचं उदाहरण दिलं. कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचेच अधिकारी, सेकंड लेफ्टनंट. परमवीर चक्र. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे फौज निघाली होती. राजौरीतल्या लोकांवर आलेलं संकट दर दिवशी वाढत होतं, म्हणून घाई होती. वाट डोंगराच्या कुशीतून जाणारी, त्यात सुरुंग, आडवी पाडलेली झाडं, उडवून दिलेले मोऱ्या-बांध. रणगाडे पुढे गेल्याशिवाय पायदळ जाऊ शकत नव्हतं आणि रस्ता मोकळा झाल्याशिवाय रणगाडे जाऊ शकत नव्हते. ८ एप्रिलला काम सुरू होतानाच तोफगोळे पडले. राण्यांची दोन माणसं जागीच गेली, पाच जखमी झाली, त्यांत राणे स्वतः. तरी त्याच दिवशी त्यांनी काम पुन्हा सुरू केलं. पुढचे तीन दिवस त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी तेच केलं: सुरुंग काढा, झाडं बाजूला करा, वळसा काढा, रणगाडा पुढे जाऊ द्या, पुढचा अडथळा गाठा. रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत, दोरीने चालकाला इशारे देत ते पुढे गेले हा प्रसंग आजही सॅपर्समध्ये सांगतात. १२ एप्रिलला आपलं सैन्य राजौरीत पोचलं.

या गोष्टीत गाण्यासारखं काय आहे? एका माणसाने चार दिवस, जखमी अंगाने, बंदुकांच्या माऱ्यात रस्त्याची दुरुस्ती केली. देशातला सर्वोच्च लढाऊ सन्मान ज्या कर्तबगारीसाठी मिळाला ती शेवटी एका कामाची कर्तबगारी आहे. ती नीट समजायची असेल तर सुरुंग कसा निघतो हे आधी समजलं पाहिजे. नाहीतर मुलाच्या मनात फक्त ‘शूर होते’ एवढं उरतं. आणि दुसरी गोष्ट. राणे त्या रस्त्यावर मेले नाहीत. ते पुढे वीस वर्षं फौजेत राहिले, १९६८ ला मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ ला पुण्यात गेले. आपल्या शाळांतल्या भाषणांत जिवंत राहिलेल्या शूरांचं नाव फार कमी येतं. इटलीत १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीच्या काठावर जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन पाण्यातून परत आणणारे नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले, १९८४ पर्यंत आपल्यात होते. त्यांना किती शाळांनी बोलावलं असेल? आपल्याला सैनिक हुतात्मा झाला की आठवतो. म्हणून मुलांना वाटायला लागतं की सेवेचा शेवट मरणातच व्हायला हवा, त्याशिवाय ती मोठी नाही. हवालदारसाहेबांना मी एवढंच म्हटलं, मोठं सांगाच, पण मोठेपण मरणात आहे असं सांगू नका. त्यांनी मान डोलावली. पटलं की नाही ते मला कळलं नाही.

दुसऱ्या बाजूचा मुद्दा तितकाच गंभीर आहे. शाळा ही भरतीची जागा नाही. पटांगणात बसलेली मुलं सक्तीने बसलेली असतात. समोर गणवेशातला, पदकं लावलेला, वयाने मोठा माणूस आहे आणि शिक्षकांनी टाळ्या वाजवायला सांगितलं आहे. अशा वेळी मुलाला ‘मला हे पटत नाही’ असं म्हणायची मोकळीक कुठे राहते? हा आक्षेप मी पूर्ण घेते. ‘देशासाठी मरायला कोण कोण तयार आहे, हात वर करा’ असं विचारणारा वक्ता मी माझ्याच शाळेत, पूर्वी एकदा, ऐकला आहे. सातवीच्या मुलांनी हात वर केले होते. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला ज्या गोष्टीची सर्वात जास्त लाज वाटते ती ही, की मी तेव्हा उठून ते थांबवलं नाही.

पण या आक्षेपावरून ‘सैनिकाला बोलावूच नका’ इथे पोचणं मला चुकीचं वाटतं, आणि ते या जिल्ह्यात तर अशक्यच आहे. आमच्या शाळेत युद्ध आधीच आलेलं असतं. ते मुलांच्या घरात बसलेलं असतं. कोणाचा बाप लेहला आहे, कोणाचा मामा नुकताच परत आला आहे, कोणाच्या घरी फोटोला हार आहे. सातारा तालुक्यातलं अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची ४६ माणसं परत आली नाहीत, आणि इंग्रजांनी तिथं दगड बसवला. आजही तिथली घरं फौजेत माणसं पाठवतात. ‘खरं सांगितलं तर पोरं फौजेत जाणार नाहीत’ असं म्हणणाऱ्यांना मी या गावाकडे बघायला सांगते. तिथल्या मुलांपासून काय लपलेलं आहे? कुबड्या, रात्री दचकून उठणारे आजोबा, महिनोन्‌महिने बंद असलेला फोन, पेन्शनच्या कागदांची पिशवी, हे सगळं ती जन्मापासून बघतात. तरीही जातात. ज्यांना सत्य माहीत आहे तेच अधिक संख्येने भरती होतात, ही आपल्या डोळ्यांसमोरची गोष्ट आहे. मग खरं सांगण्याची भीती नेमकी कोणाला वाटते?

या वादात ध्वजदिन कशासाठी आहे हेच कोणी विचारलं नाही. १९४९ मध्ये संरक्षणमंत्र्यांच्या समितीने ७ डिसेंबर हा दिवस ठरवला तो नागरिकांकडून पैसे गोळा करण्यासाठी. तिन्ही दलांच्या तीन रंगांचा, लाल, गडद निळा आणि फिका निळा, छोटा झेंडा छातीला लावायचा आणि त्याबदल्यात डब्यात काही टाकायचं. तो पैसा युद्धात जायबंदी झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी, सैनिकांच्या कुटुंबांसाठी आणि निवृत्तांच्या अडीअडचणींसाठी. म्हणजे या दिवशी सैनिकाने मुलांकडे काही मागायचं नसून मुलांनी, खरं तर त्यांच्या आईबापांनी, सैनिकाचं काही फेडायचं आहे. भरतीचा दिवस वेगळा, माजी सैनिकांच्या सन्मानाचा दिवस, १४ जानेवारी, तोही वेगळा. ७ डिसेंबर हा हिशेबाचा दिवस आहे. आमच्या शाळेत दरवर्षी मुलं दहा-दहा रुपये आणतात, झेंडा लावतात, संध्याकाळी तो पटांगणात पडलेला सापडतो. ते दहा रुपये कुठे जातात हे आजवर एकाही वक्त्याने सांगितलं नव्हतं. सुभेदारांनी सांगितलं. ते म्हणाले, “पासष्ट वर्षांच्या वरचा म्हातारा फौजी, हवालदारापर्यंतचा, ज्याला पेन्शनच नाही, त्याला या निधीतून महिन्याला मदत जाते. आधी चार हजार होती, २०२५ च्या नोव्हेंबरपासून आठ केली.”

तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, “फौजीला पेन्शन नाही, असं कसं?” मला वाटतं त्या सकाळचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न तोच होता. उत्तर साधं आहे. जवानाला पेन्शन मिळायची तर किमान १५ वर्षं नोकरी व्हावी लागते. त्याआधी जो बाहेर पडला, आजारपणाने, घरच्या अडचणीने, किंवा दुसऱ्या महायुद्धानंतर फौज कमी केली तेव्हा घरी पाठवला गेला, त्याच्या हाती महिन्याचं काही येत नाही. महायुद्धात हिंदी फौज पंचवीस लाखांवर गेली होती. युद्ध संपलं आणि बहुतेक जण गावी परतले. आमच्या लहानपणी गावात असे दोन-तीन आजोबा होते. इराकच्या वाळूच्या आणि इटलीच्या चिखलाच्या गोष्टी सांगायचे आणि दुसऱ्याच्या रानात रोजाने जायचे. त्यांच्या त्यागावर भाषणं पुष्कळ झाली.

इथे पालकसभेत एकजण मोठ्याने म्हणाले की हा राजकारणाचा विषय आहे, मुलांपुढे नको. त्यांचा रोख अग्निवीरांकडे होता. कारण सुभेदारांनी एका वाक्यात तेही सांगितलं होतं: आता भरती चार वर्षांची, चारांतल्या एकाला पुढे ठेवतात, बाकीचे सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन घरी येतात, त्यांना पेन्शन नाही. त्यांनी योजना चांगली म्हटली नाही, वाईटही म्हटली नाही. या भरतीचं वय साडेसतरापासून आहे आणि आमच्या बारावीच्या वर्गातली निम्मी मुलं त्या वयाची आहेत. ज्या मुलाला सहा महिन्यांत अर्ज करायचा आहे त्याला नोकरीच्या अटी सांगणं हे राजकारण, आणि त्याला देशासाठी प्राण द्यायला सांगणं हे मात्र राजकारण नाही, ही वाटणी कोणी केली?

ही वाटणी जुनी आहे. जून १९१८ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी युद्धपरिषद भरवली. महायुद्धाचं चौथं वर्ष, माणसं कमी पडत होती, महाराष्ट्रातून जवान हवे होते. लोकमान्य टिळक बोलायला उठले. फौजेत जायला त्यांचा विरोध नव्हता. तरुणांनी जावं असं ते उघड सांगत होते. पण आमच्या मुलांना अधिकारीपद मिळेल का, ज्या देशासाठी लढायचं त्याच्या कारभारात आम्हाला वाटा मिळेल का, हा प्रश्न ते त्याच श्वासात विचारत होते. गव्हर्नरांनी त्यांना मध्येच थांबवलं. इथे राजकीय चर्चा करायची नाही. टिळक सभागृह सोडून निघून गेले. त्यागाबद्दल बोला, मोबदल्याबद्दल नको, हा नियम तेव्हा परक्या सत्तेने घातला होता आणि त्यातला अन्याय आपण शाळेत शिकवतो. आज तोच नियम आपल्यातलाच एक पालक घालतो आणि आपल्याला तो सभ्यपणा वाटतो.

याहून कडू उदाहरण आपल्या घरातलं आहे. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरली आहेत, त्यांत ‘नाक’ शेवटी असलेली महार शिपायांची नावं कितीतरी आहेत. दगड उभा राहिला, आणि त्याच शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. लढवय्या जातींच्या नव्या यादीत ते बसत नव्हते म्हणे. महाडजवळच्या रावढुळचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये सरकारसाठी अर्ज लिहिला की आमच्या बापजाद्यांनी ही चाकरी केली आहे, ती आमच्यापुढे बंद करू नका. त्याचा उपयोग झाला नाही. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावं लागलं. दगडावर नाव कोरल्याने त्यागाचा मान राहिला, पण सेवेचा हक्क गेला. भाषणात नुसता त्याग गायला की असंच होतं: मेलेल्याला फूल मिळतं आणि त्याच्या मुलाला दारावरून परत पाठवता येतं.

राहिली ती गोष्ट जिचा पालकसभेत कोणी उच्चार केला नाही, कारण बोलणारे बहुतेक पुरुष होते. सुभेदारांनी शेवटची तीन मिनिटं एका बाईबद्दल बोलण्यात घालवली. त्यांच्या पलटणीतला एक जवान गेल्यावर त्याच्या बायकोला कागदांसाठी दोन वर्षं हेलपाटे घालावे लागले. मृत्यू नेमका कशात झाला हे एका ओळीत काय लिहिलं जातं त्यावर पेन्शन ठरतं. लढाईत गेला तर शेवटच्या पगाराएवढं, कर्तव्यावर असताना पण लढाईबाहेर गेला तर त्याहून कमी, आजाराने गेला आणि त्याचा नोकरीशी संबंध लावला नाही तर आणखी कमी. सरकारी कागदात ‘शहीद’ हा शब्दच नाही, हे सुभेदारांनी सांगितलं तेव्हा शिक्षकांच्या रांगेतही चुळबुळ झाली. आपण फलकावर जो शब्द मोठ्या अक्षरांत लिहितो त्याला फायलीत जागा नाही, आणि फायलीत जो शब्द पडतो त्यावर त्या बाईचं पुढचं आयुष्य चालतं.

त्यात मी एक गोष्ट जोडते, जी मुलांपुढे बोलली गेली नाही. शौर्यपदक मिळालेल्या मृत सैनिकाच्या पत्नीला पदकाचा मासिक भत्ता मिळतो. तिने पुन्हा लग्न केलं तर तो बंद व्हायचा, आणि चालू राहायचा तो फक्त तिने मृत नवऱ्याच्या भावाशी लग्न केलं तरच. ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये काढली. तोपर्यंत ज्या ज्या ध्वजदिनी आपण वीरपत्नींना साडी-नारळ दिला, त्या प्रत्येक दिवशी सरकारी नियमाने त्यांचं आयुष्य सासरच्या उंबऱ्याला बांधलेलं होतं. आमच्या शाळेच्या व्यासपीठावरही त्या बसल्या आहेत. त्यांना कधी बोलायला सांगितलं गेलं नाही. सैनिकाने त्याग केला असं आपण म्हणतो, आणि पंचविशीत विधवा झालेल्या मुलीकडून पुढची पन्नास वर्षं तो वसूल होत राहतो. पुढच्या वर्षी भाषणाला मी अशाच एका बाईंना विचारणार आहे. त्या आल्या नाहीत तर ती त्यांची मर्जी.

शेवटचा एक आक्षेप मला खरोखर अडवतो. माझ्या एका सहकाऱ्याने विचारलं, “सव्वीस वर्षं त्यांनी दिली, आणि काय बोलायचं हे आपण शिक्षकांनी ठरवायचं?” नाही ठरवायचं. बारा मिनिटं सुरुंगावर बोला असं मी सुभेदारांना सांगितलं नव्हतं. मी फक्त एवढं विचारलं होतं, “तुम्ही रोज काय करायचात, ते मुलांना सांगाल का?” आधीच्या वक्त्यांना आम्ही विषयाची चिठ्ठी द्यायचो, त्यावर ‘शौर्य, बलिदान, राष्ट्रप्रेम’ असं लिहिलेलं असायचं. त्या माणसांनी मग तेच दिलं. म्हणजे सैनिकाच्या तोंडी शब्द घालत आलो ते आम्हीच. सुभेदारांनी मला नंतर सांगितलं की त्याआधी त्यांना सहा शाळांनी बोलावलं होतं आणि त्यांचं काम काय होतं हे एकाही शाळेने विचारलं नव्हतं.

त्या सकाळी कार्यक्रम संपल्यावर ते निघाले तेव्हा फाटकाशी सहावीतला एक मुलगा उभा होता. त्याचा बाप राजस्थानात सीमेवर आहे, हे मला माहीत होतं. त्याने विचारलं, “आजोबा, ते शंभर पूर्ण झाले का?” सुभेदार थांबले. म्हणाले, “आमची बदली झाली बाळा. आमच्या मागनं दुसरी तुकडी आली. मी जाईपर्यंत नव्याण्णवच होते.” मग त्यांनी खाली वाकून त्याच्या सदऱ्याला लोंबकळणारा तिरंगी झेंडा, लाल, निळा, फिका निळा, टाचणीने नीट लावला आणि बसस्टँडकडे गेले.